मुद्दे आले, भाषण होत नाही: निरोपाच्या भाषणातला नेहमीचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

एप्रिल संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. वहीच्या फाटक्या पानाचा, कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा, नाहीतर कार्यालयाच्या ग्रुपवर टाकलेली एखादी फाईल. आत दहा-बारा तुटक ओळी आणि खाली, ‘सर, एवढ्यावरून निरोपाचं भाषण करून द्या. ३१ तारखेला कार्यक्रम आहे.’ किती मिनिटं बोलायचं, कोण बोलणार, हसतखेळत की गंभीरपणे, यातलं काहीही सांगितलेलं नसतं.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली आहे, आणि महिन्याच्या १ तारखेचा जन्म असलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी एकेका कार्यालयात दोन-तीन निरोप असतात आणि भाषणांची गर्दी होते. गेल्या बारा वर्षांत मी अशी बरीच भाषणं दुरुस्त केली. बिघाड दर वेळी जवळजवळ तोच असतो, म्हणून तपासण्यांचा क्रम एकदा लिहून ठेवतो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, कठीण शेवटी.

लक्षणं

भाषण तयार आहे, पण त्यातलं नाव खोडून शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाचं घातलं तरी एकही वाक्य बदलावं लागत नाही. हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण.

दुसरं, भाषण सेवापुस्तकासारखं वाजतं: अमुक साली रुजू, तमुक साली बदली, मग पदोन्नती. लोक तिसऱ्या बदलीला मोबाईल काढतात.

तिसरं, समोर शाल पांघरून बसलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहिल्यासारखं वाटतं.

चौथं, आपल्याआधी चार जण बोललेले असतात, मागे जेवणाची भांडी वाजत असतात आणि आपलं भाषण नऊ मिनिटं चालतं.

पाचवं लक्षण कमी दिसतं, पण सगळ्यात वाईट तेच. एखाद्या वाक्याला सत्कारमूर्तींचा चेहरा उतरतो, आणि बोलणाऱ्याला त्याचं कारण कळत नाही.

पाचांचं मूळ एकच आहे. मुद्दे लिहिणारा ते स्वतःला आठवावं म्हणून लिहितो. ‘लाल पेन’ एवढं लिहिलं की त्याच्या डोळ्यासमोर अख्खा प्रसंग येतो. आपल्या हातात मात्र दोन शब्दच पडतात. मग आपण ते दोन शब्द विशेषणांनी फुगवतो आणि तिथूनच भाषण बिघडतं.

उदाहरणाला घेतलेला कागद

मागे आमच्या बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या ताई निवृत्त झाल्या. शेजारच्या टेबलावरच्या कनिष्ठ सहायकाने ग्रुपवर कागदाचा फोटो टाकला होता. ओळख पटेल असे तपशील बदलून तो इथे देतो.

- १९९२ ला लागल्या, ३ तालुके
- आवक-जावक १४ वर्षं
- प्रेमळ, मनमिळाऊ, कामसू
- लाल पेन
- डबा
- २०१९ पूर, रजिस्टरं
- साहेबांशी वाजलं होतं
- मिस्टर गेले तरी कामावर
- प्रमोशन राहिलं
- गुडघे
- नातू
- चहा बिनसाखरेचा

कागद चांगला आहे. तुटक असला तरी यात भाषण दडलेलं आहे.

तपासणी १: एक फोन

लिहायला बसण्याआधी मुद्दे पाठवणाऱ्याला फोन करा. तीन मिनिटं लागतात आणि निम्मा बिघाड इथेच निघतो. चार गोष्टी विचारायच्या. बोलणार कोण? आधी आणि नंतर किती जण बोलणार आहेत? समोर घरची माणसं असणार का? आणि जाणं कशामुळे आहे: नियत वयोमानाने, बदलीने, राजीनाम्याने की स्वेच्छानिवृत्तीने?

‘टोन कसा हवा’ असं मात्र विचारू नका. उत्तर ‘छान हवा’ असंच येतं. वरच्या चार उत्तरांवरून सूर आपोआप ठरतो. घरची माणसं असतील तर कार्यालयातली आतली चेष्टा त्यांना कळत नाही, ती परक्यासारखी बसून राहतात. बदली असेल तर माणूस सोमवारी दुसऱ्या टेबलावर असणार, तिथे ‘आयुष्यभराची सेवा’ बोलून चालत नाही. राजीनामा असेल तर नव्या नोकरीचा उल्लेख चालेल का, हे त्या माणसालाच विचारावं लागतं.

आमच्या बाबतीत उत्तरं अशी आली. कनिष्ठ सहायक स्वतः बोलणार, वय सत्तावीस. एकूण सहा वक्ते, त्याचा नंबर चौथा. ताईंची मुलगी, जावई आणि नातू येणार. निवृत्ती नियत वयोमानाने.

सहांतला चौथा म्हणजे तीन मिनिटं. आधीच्या तिघांनी तारखा आणि पदं सांगून झालेली असणार, म्हणजे आपल्याला त्या लागणारच नाहीत. आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा आईच्या वयाच्या बाईंविषयी बोलणार, म्हणजे सूर मायेचा आणि आदराचा. हलकंफुलकं चालेल, पण तोंडातला ‘ताई’ सुटता कामा नये.

फोन लागलाच नाही तर मी हेच धरून चालतो: तीन मिनिटं, मायेचा सूर, घरची माणसं हजर. पण हे गृहीत धरलंय, असं मसुद्याच्या वर दोन ओळींत लिहून देतो. वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते आणि तो दुरुस्त करून सांगतो. न सांगता गृहीत धरलं तर चूक थेट कार्यक्रमात कळते.

तपासणी २: घड्याळ

मसुदा तयार असेल तर तो उभं राहून, मोठ्याने वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा. मनात वाचलेलं मोजू नका. डोळे तोंडापेक्षा फार पुढे पळतात. मी मोजून पाहिलं आहे. थांबे घेत, समोरच्याकडे बघत मराठीत बोललं की मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांना साधारण तीनशे ते सव्वातीनशे शब्द, ए-फोर कागदाचं एक पान. माईकसमोर घाबरून वेग वाढतो, पण लोक हसले, टाळ्या पडल्या की तो वेळ भरून निघतो. तेव्हा तेवढंच धरा.

जास्त झालं तर प्रत्येक वाक्यातला एकेक शब्द काढत बसू नका. अख्खा प्रसंग काढा. तीन अर्धवट प्रसंगांपेक्षा दोन पूर्ण प्रसंग लोकांच्या लक्षात राहतात.

तपासणी ३: श्रद्धांजलीचे शब्द

लाल पेन घ्या आणि मसुद्यात हे शब्द शोधा: ‘पोकळी’, ‘उणीव’, ‘स्मृती’, ‘अखेरचा निरोप’, ‘आपल्यातून जात आहेत’, ‘त्यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून’. हे सगळे शोकसभेतून आलेले शब्द आहेत. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या आपण रोज वाचतो, त्यामुळे निरोप म्हटला की हात आपोआप तिकडे वळतो. ‘अखेरचा निरोप’ तर मराठीत फक्त अंत्ययात्रेलाच शोभतो. एकदा एका शिक्षकांच्या सेवापूर्तीला फलकावरच तो लिहिलेला मी पाहिला, आणि त्यांच्या आईंनी कार्यक्रमभर तिकडे पाठ करून बसणं पसंत केलं.

मग क्रियापदं बघा. ‘ताई प्रेमळ होत्या’ लिहिलं असेल तर ‘आहेत’ करा. स्वभावाला वर्तमानकाळ, घडून गेलेल्या प्रसंगाला भूतकाळ. ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, पण तिने भाषणाचा चेहराच बदलतो. शाल-श्रीफळ घेऊन समोर बसलेला माणूस उद्या सकाळी चहा पिणार आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवायला लागतं.

तपासणी ४: कुणाशी बोलतोय

कच्च्या मुद्द्यांवरून केलेल्या भाषणात ‘त्या’ आणि ‘तुम्ही’ यांची सरमिसळ हमखास होते. एका वाक्यात ताईंविषयी बोलणं, पुढच्यात ताईंशी. ऐकणाऱ्याची मान नुसती इकडून तिकडे हलते. मी साधी रीत पाळतो. सगळं भाषण सभेशी, ताईंविषयी ‘त्या’ म्हणून. शेवटची तीन-चार वाक्यं त्यांच्याकडे वळून, ‘तुम्ही’ म्हणून. ते वळणं लोकांना दिसतं आणि भाषण संपत आलं हेही कळतं.

संबोधनही तपासा. रोज ज्या नावाने हाक मारतो तेच भाषणात हवं. रोज ‘ताई’ म्हणणारा माईकवर ‘आदरणीय मॅडम’ म्हणाला की पहिल्याच शब्दाला दुरावा येतो. पत्रिकेवरचं पूर्ण नाव आणि पद सूत्रसंचालक सांगतोच.

तपासणी ५: विशेषण दिसलं की ‘कधी?’ विचारा

इथून पुढे थोडी मेहनत आहे. खरं भाषणही इथेच मिळतं.

कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा. तारीख-पद असेल तर एक रेघ, गुण सांगणारा शब्द असेल तर दोन, आणि जिच्यामागे एखादं चित्र असावं असं वाटतं तिला गोल. आमच्या कागदात पहिल्या दोन ओळी तारखांच्या, त्या बाजूला गेल्या. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कामसू’ला दोन रेघा. गोल मिळाला लाल पेन, डबा आणि पुराला. सगळ्यात तुटक लिहिलेल्या ओळींत बहुतेक वेळा सगळ्यात जास्त माल असतो, कारण लिहिणाऱ्याला ते इतकं स्पष्ट आठवत असतं की जास्त लिहायची गरजच वाटत नाही.

मग पुन्हा फोन. ‘ताई प्रेमळ म्हणजे कशा?’ विचारलं तर दुसरं विशेषण हाती लागतं. ‘तुला पहिल्यांदा ते कधी वाटलं? त्या वेळी कोण होतं, ताई नक्की काय म्हणाल्या?’ असं विचारलं की प्रसंग बाहेर पडतो. त्या मुलाशी माझं बोलणं साधारण असं झालं.

‘लाल पेनचं काय?’

‘सर, त्या पोच देताना आवक क्रमांकाला लाल गोल करतात. रजिस्टरमध्येही आणि त्या माणसाच्या प्रतीवरही.’

‘कशाला?’

‘मीही विचारलं होतं. म्हणाल्या, वाचता येत नसलं तरी पुढच्या टेबलावर कुठं बोट ठेवायचं ते कळतं.’

हे ऐकल्यावर मला ‘प्रेमळ’ आणि ‘कामसू’ हे दोन्ही शब्द लागेनात. दोन्ही त्या लाल गोलात आले होते.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी आमच्याकडे चढलं तेव्हा ताईंनी आवक रजिस्टरं खताच्या रिकाम्या पिशव्यांत बांधून शिपाईमामांबरोबर वरच्या मजल्यावर नेली. एवढं मुलाला माहीत होतं, पण तो स्वतः तेव्हा नोकरीत नव्हता. म्हणून मी त्याला शिपाईमामांना फोन करायला सांगितलं. पुढचा भाग मामांकडून मिळाला: पाणी ओसरल्यावर घरकुलाचा अर्ज दिलेली एक मावशी आली, तिच्या घरातले सगळे कागद वाहून गेले होते, आणि रजिस्टरच्या पानावर तिचं नाव सापडलं. ऐकीव प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याच्याकडून पक्का करून घ्या. सभेत तो माणूस बसलेला असतो. चुकीचं सांगितलं तर त्याची मान नकारार्थी हलते आणि सगळ्यांना ती दिसते.

तपासणी ६: नाजूक ओळी

आता चार नाजूक ओळी: साहेबांशी वाजलं, मिस्टर गेले, प्रमोशन राहिलं, गुडघे.

माझी कसोटी एकच आहे. ही गोष्ट ताईंनी स्वतः, याच माणसांसमोर, आपणहून सांगितली असती का? उत्तर ‘हो’ असेल तरच पुढचा विचार.

‘गुडघे’ ही ओळ निरुपद्रवी वाटते. पण शरीराच्या दुखण्यावरची चेष्टा टेबलाजवळ चालते, माईकवर चालत नाही. तिथे मुलगी आणि जावई ऐकत असतात. काढली. ‘प्रमोशन राहिलं’ सहानुभूतीने लिहिलेलं होतं, पण शेवटच्या दिवशी न मिळालेल्या गोष्टीची जाहीर आठवण कुणाला हवी असते? काढली. ‘साहेबांशी वाजलं’ यात एक चांगली गोष्ट होती: ताईंनी मागच्या तारखेने आवक नोंद करायला नकार दिला होता. गोष्ट अभिमानाची खरी, पण ते साहेब आता दुसरीकडे आहेत, त्यांची बाजू मांडायला तिथे कुणी नाही, आणि ऐकणारा नाव ओळखणारच. तीही काढली. ताईंचा काटेकोरपणा लाल गोलातून दिसतोच.

‘मिस्टर गेले तरी कामावर’ ही ओळ सगळ्यात अवघड. मुद्दे देणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच होता. पण ‘दुःख विसरून कामाला लागल्या’ असं बोललं की घरच्यांना ते टोचतं. दुःख विसरलं गेलं असं दुसऱ्याने ठरवायचं नसतं. अशा ओळीचा निर्णय मी कधीही एकट्याने घेत नाही. मुलाने ताईंच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबांचं नाव आलं तर आई तिथेच रडेल, नको. विषय संपला. ती ‘घ्या’ म्हणाली असती तर एक वाक्य घेतलं असतं, तेही विशेषणाशिवाय.

तपासणी ७: एक धागा

सगळ्यात कठीण तपासणी ही, आणि वेळही हिलाच लागतो. आता हातात चांगले प्रसंग आहेत, तरी भाषण तुकड्यातुकड्यांचं वाटतं. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘आणखी एक आठवण म्हणजे’ हे शब्द दोनदा आले की समजा धागा सापडलेला नाही.

धागा शोधायचा तर निवडलेले प्रसंग तोंडी, एकेका वाक्यात कुणाला तरी सांगून पहा आणि कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो ते ऐका. मी घरी सांगत होतो तेव्हा ‘पोच’ हा शब्द तीनदा आला. अर्जाची पोच. आणि आमच्याकडे समजूतदार माणसाला ‘पोच असलेला’ म्हणतात. दोन्ही अर्थ ताईंना लागू होते, आणि दोन्ही त्यांच्या टेबलावरूनच आले होते. असा शब्द मुद्द्यांतूनच निघायला हवा. बाहेरून आणलेली ‘दीपस्तंभ’, ‘वटवृक्ष’ अशी उपमा पुन्हा पहिल्या लक्षणाकडे नेते, कारण ती कुणालाही बसते.

मग भाषण असं झालं:

‘नमस्कार. आपल्या कार्यालयात पहिल्यांदा येणारा माणूस आधी साहेबांना भेटत नाही, ताईंना भेटतो. दाराशेजारचं टेबल, त्यावर आवक रजिस्टर, शिक्का आणि एक लाल पेन.

मी रुजू झालो तेव्हा माझं टेबल ताईंच्या शेजारी आलं. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा अर्ज घेऊन आले. अर्ज दिला आणि निघाले. ताईंनी त्यांना परत बोलावलं. “बाबा, पोच घेतल्याशिवाय जायचं नाही.” त्यांच्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला आणि त्याला लाल पेनाने गोल केला. मी विचारलं, गोल कशाला? त्या म्हणाल्या, “वाचता येत नसलं, तरी पुढच्या टेबलावर कुठं बोट ठेवायचं ते कळतं.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आपल्या अंगणात आलं. मी तेव्हा इथे नव्हतो, शिपाईमामांनी सांगितलं ते सांगतो. ताईंनी सगळी आवक रजिस्टरं खताच्या रिकाम्या पिशव्यांत बांधली आणि मामांबरोबर वरच्या मजल्यावर नेली. जिन्याच्या किती फेऱ्या झाल्या, ते दोघांनीही मोजलं नाही. पाणी ओसरल्यावर एक मावशी आली. घरकुलाचा अर्ज दिला होता म्हणाली, पण घरातले कागद वाहून गेले होते. ताईंनी पिशवी सोडली, रजिस्टर उघडलं. मार्च महिन्याच्या पानावर मावशीचं नाव होतं, आणि क्रमांकाला लाल गोल.

पोच या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक पोच कागदावर मिळते, दुसरी माणसात असावी लागते. ताई चौदा वर्षं पहिली पोच देत आल्या, कारण दुसरी त्यांच्यात आहे.

ती दुपारी डब्यातही दिसते. ताईंच्या डब्यात एक भाकरी जास्त असते. कुणासाठी, ते घरून निघताना ठरलेलं नसतं. त्या दिवशी ज्याचा डबा राहिला, त्याची ती भाकरी. बऱ्याचदा ती मी खाल्ली आहे.

ताई, उद्यापासून तुमचं टेबल माझ्याकडे येतंय. रजिस्टर मिळेल, शिक्का मिळेल. लाल पेन मात्र मी तुमच्याकडून मागून घेणार आहे. आणि एक विनंती. नातवाला घेऊन येत जा. आल्याची पोच नक्की मिळेल, आणि चहा बिनसाखरेचाच सांगू.’

उभं राहून वाचलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत बसलं. बारा ओळींपैकी सहाच वापरल्या. नातू आणि चहा या दोन सुट्या ओळी शेवटी कामाला आल्या. असे छोटे मुद्दे मध्ये घुसवले की भरताड वाटतात, शेवटी ठेवले की माणूस सभेतून पुन्हा रोजच्या टेबलावर येतो. नाव बदलण्याची चाचणीही केली. दुसऱ्या कुणाचं नाव घालून यातला एकही परिच्छेद उभा राहत नाही.

कागद देताना अक्षर मोठं ठेवा, मी अठरा पॉइंट ठेवतो, आणि पान उलटताना वाक्य मध्ये तुटू देऊ नका. बोलणारा फार जवळचा असेल आणि कंठ दाटण्याची शक्यता असेल तर दुसरी प्रत सूत्रसंचालकाजवळ द्या आणि कुठल्या परिच्छेदापासून त्याने वाचायचं ते आधी ठरवा.

इथे थांबा आणि योग्य माणसाला बोलवा

जाणं सरळ नसेल, म्हणजे विभागीय चौकशी चालू आहे, सक्तीची निवृत्ती आहे, खाजगी ठिकाणी कपातीत नोकरी गेली आहे, तर मुद्द्यांवरून काहीही लिहू नका. कार्यालयप्रमुखांना किंवा मनुष्यबळ विभागाला विचारा की काय बोललेलं चालेल. निवृत्तिवेतनाचं प्रकरण अडकलेलं असेल तर ‘लवकरच मिळेल’ असं आश्वासन भाषणात घालू नका. तो आस्थापनेचा विषय आहे आणि तिथला माणूस सोडून कुणालाही ते सांगता येत नाही.

भाषणात तारखा घ्यायच्याच असतील तर त्या आस्थापना लिपिकाकडून सेवापुस्तकातून घ्या. मुद्दे देणाऱ्याची आठवण एखाद्या वर्षाने सहज चुकते, आणि स्वतःच्या रुजू होण्याची तारीख निवृत्त होणाऱ्याला तोंडपाठ असते.

आजारपण किंवा घरातलं निधन ताजं असेल तर घरच्यांपैकी एकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारू नका.

दोन फोन करूनही एक प्रसंग मिळत नसेल, तर मुद्दे देणारा त्या माणसाबरोबर पुरेसा राहिलेलाच नाही. तुम्ही कितीही चांगलं लिहिलंत तरी ते पोकळच राहणार. काम थांबवा आणि सांगा, शेजारच्या टेबलावर जो बसत होता, ज्याने एकत्र डबा खाल्ला, त्याला बोलू द्या. त्याची चार तुटकी वाक्यंही चालतील.

आणि हेच भाषण पुढे मानपत्र म्हणून छापायचं ठरलं, तर छपाईआधी मुद्रितशोधकाला पैसे देऊन वाचून घ्या. बोलताना झालेली चूक हवेत विरते. मानपत्र चौकटीत बसून त्या घराच्या भिंतीवर राहतं, आणि ‘कनिष्ठ’चं ‘कनिष्ट’ झालेलं रोज दिसत राहतं. मानपत्रात मजकूरही निम्मा करावा लागतो: आमच्या भाषणातून तिथे फक्त लाल गोल आणि पुराची रजिस्टरं एवढंच गेलं, भाकरी आणि चहा बोलण्यातच राहिले.